‘णा’वरून शब्दच मिळत नाही!

“बायकोच्या वाढदिवसाला तिच्या नावातल्या अक्षरांवरून गमतीशीर ओळी करायच्यात. पण मला साधा उखाणाही धड जमत नाही. कवी नसलेल्याने काय करावं?”

ही अडचण माझ्याकडे वरचेवर येते, बहुतेक वेळा नवऱ्यांकडून. त्यातलं एक उदाहरण दोघांच्या परवानगीने सांगते. बायकोचं नाव मृणाल, वाढदिवस जूनमधला. नवऱ्याच्या कागदावर होतं: मृदुभाषी, लाघवी, आणि मधे रिकामी जागा.

“‘णा’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही हो,” ते वैतागले.

“तो कागद बाजूला ठेवा. दुसऱ्या कुठल्याही मृणालला लागू पडणार नाही, असं काहीतरी सांगा.”

ते जरा थांबले. “पहिला पाऊस आला की हिला भजी लागतात. मी चकलीचा डबा कुठेही लपवला तरी ही बरोबर शोधते.”

मला हवं होतं ते इथेच होतं. वैवाहिक नात्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सहजीवनाचा पाया जोडीदाराच्या बारीकसारीक जगाच्या ओळखीत शोधतात आणि माझाही भर त्यावरच असतो. विशेषणं कुणालाही चिकटतात, चकलीचा डबा मात्र एकाच घरातला असतो.

मग यमक आधी ठरवलं: तळलेली, कळलेली. ओळीचा शेवट पक्का झाला की सुरुवात हलवता येते, कारण मराठीत शब्द मागेपुढे केले तरी अर्थ टिकतो. ‘जागा लपवली तरी कळते’ हे ‘ल’साठी ‘लपवलेल्या’पासून सुरू करता आलं. ‘मृ’साठी मृग नक्षत्र दाराशीच होतं.

राहिला ‘णा’. मी म्हटलं, “शब्द सापडत नाही, हेच लिहा की!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खो खो हसले आणि तिथेच बसून ओळ केली:

मृगाच्या पहिल्या सरीत भजी हवीत तळलेली,
‘णा’चा शब्द मिळेना, सारी डिक्शनरी चाळलेली,
लपवलेल्या चकलीची जागा हिला आधीच कळलेली!

त्या ओळी सर्वस्वी त्यांच्या आहेत. मी फक्त अडचणीलाच ओळीत बसवायला सुचवलं, आणि तसं सुचवल्याचा मला आजही आनंद आहे.

तुम्ही करताना नाव असंच उच्चारातल्या अक्षरांत तोडा: मृ, णा, ल. अक्षर अडलं तर काना-मात्रा बदला. ‘मृ’ऐवजी ‘म’ चालतो. प्राजक्तामधल्या ‘क्ता’साठी ‘क’ किंवा ‘ता’ घ्या. ‘ळ’चीही गत ‘ण’सारखीच, तिथे सरळ घरातलं लाडकं नाव घ्यावं. ओळी टाळीच्या ठेक्यावर मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर तिथला एखादा शब्द गाळा. आणि चेष्टा तिला स्वतःला हसू येतं त्याच गोष्टीची करा. वजन, वय आणि माहेर यांना हात लावू नका, विशेषतः चारचौघांत वाचणार असाल तर.