लग्नाच्या व्हिडिओसाठी फ्रेम रेट आणि शटर: १८० अंश पाळायचे की नाही?

प्रश्न: पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, व्हिडिओ मीच काढणार. कॅमेऱ्यात २४, २५, ३०, ५०, ६०, १२० एवढे पर्याय दिसतात आणि शटर अँगल १८० ठेवा असं सगळे सांगतात. स्लो मोशनही हवंय, शिवाय फोनवर बघताना अडखळायला नको. नेमकं काय ठेवू?

उत्तर:

हॉलमधलं नेहमीच्या वेगाचं शूटिंग ३० फ्रेमवर १/५० शटरने करा. जे अर्ध्या वेगाने दाखवायचंय ते ६० फ्रेमवर १/१०० ने घ्या. एडिटिंगची टाइमलाइन ३० ची ठेवा. अँगल काढायचा तर ३६० ला फ्रेम रेटने गुणायचं आणि शटरच्या खालच्या आकड्याने भागायचं. वरच्या दोन्ही जोड्यांचा अँगल २१६ येतो, १८० नाही. हलणारा हात किंचित जास्त पुसट दिसेल, पण लग्नाला आलेल्या एकाही पाहुण्याच्या ते लक्षात येणार नाही.

१८० चा हट्ट मीही धरला होता. मामेभावाच्या लग्नात ३० फ्रेम, १/६० शटर, अगदी नियमाप्रमाणे. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर लावलं तर नवरानवरीच्या मागच्या भिंतीवरून काळपट पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर त्यात ही लाट एकदा किंवा दोनदा पूर्ण मावते आणि प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० मध्ये लाट अर्धवट कापली जाते, तिचे पट्टे होतात. ते नंतर धड काढताही येत नाहीत.

मग सरळ २५ फ्रेम का नाही? दिव्यांच्या हिशोबाने २५ उत्तमच, १/५० ला अँगलही बरोबर १८० येतो. अडचण बघणाऱ्याच्या फोनची आहे. बऱ्याच फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ३० ची प्रत्येक फ्रेम त्यावर बरोबर दोनदा दिसते. २५ ची काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसते. अक्षता टाकणारे लोक दाखवताना हे कळणार नाही, पण मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कॅमेरा सावकाश फिरवला की हिसके जाणवतात. २५ चं फुटेज ३० च्या टाइमलाइनवर टाकलं तर हे हिसके व्हिडिओतच पक्के होतात: दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा येते. शंका आली तर बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे सरकवा. माणूस चालतोय पण एका ठिकाणी बटण दाबूनही चित्र हललं नाही, तर समजा घोळ इथेच आहे.

आता स्लो मोशन. अंतरपाट दूर होतो आणि अक्षतांचा पाऊस पडतो, तो क्षण १२० वर घ्यायचा मोह होतोच. हॉलमध्ये नका घेऊ. १२० फ्रेमला शटर जास्तीत जास्त १/१२० पर्यंतच उघडं राहू शकतं, म्हणजे दिव्याची लाट त्यात मावतच नाही. चारपट संथ केल्यावर अख्खं चित्र सेकंदाला पाच वेळा लुकलुकतं. त्यापेक्षा ६० वर १/१०० ने घेतलेली दुप्पट संथ अक्षता कितीतरी बरी. १२० आणि १/२४० ठेवा दिवसाउजेडी निघणाऱ्या वरातीसाठी. तिथे सूर्य लुकलुकत नाही.

मात्र १२० वर घेतलेलं नेहमीच्या वेगाने वापरू नका. चारातली एकच फ्रेम उरते आणि शटर १/२४० चंच राहतं, म्हणजे अँगल ४५ झाला. ढोलवाल्याचा हात मग तुटक उड्या मारल्यासारखा दिसतो. काय संथ करायचं ते आधीच ठरवा.

उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरं फटक पडतं. आयएसओ १०० ला एफ/२२ लागेल, आणि मागचं धूसर हवं म्हणून एफ/२.८ ठेवलंत तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागेल. त्यासाठी एनडी ६४ फिल्टर घ्या. तो नाही म्हणून लोक शटर १/१००० वर नेतात आणि मग नाचणारे खडखडीत दिसतात.

मेनूत ३० आणि ६० दिसत नसतील तर PAL वरून NTSC करा. काही कॅमेरे त्यासाठी कार्ड फॉरमॅट करायला लावतात, म्हणून हे घरीच उरकून ठेवा. स्टेजवरचे रंगीत एलईडी आणि मागची एलईडी भिंत मात्र स्वतःच्याच गतीने लुकलुकतात, तिथे १/५० ची खात्री नाही. संगीताच्या दिवशी दिवे लागले की दोन मिनिटं शूट करून बघा, पट्टे दिसले तर शटर थोडं थोडं बदलत न्या.