नारळ वाढतो कसा?

«आई, आजी फोनवर म्हणाली, “गणपतीपुढे नारळ वाढवलात का?” पण आपण तर तो फोडला. मग वाढवला कसा?»

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. नेमक्या याच शब्दाने मी तुझ्याएवढी असताना एक मोठा घोटाळा केला होता आणि तो निस्तरताना माझ्या आजोबांनी मला जो शब्द शिकवला, तोच आज तुला सांगते.

आम्ही तेव्हा पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. एका सकाळी आजोबा पिशवी घेऊन वाण्याकडे निघाले, तेव्हा माझ्या आजीने स्वयंपाकघरातून मला सांगितले, “तांदूळ वाढलेत, असं आजोबांना सांग गं.” वाढलेत म्हणजे पुष्कळ झालेत, असे मला वाटले. मी धावत जिन्यापर्यंत गेले आणि माझ्या शब्दांत निरोप दिला, “आजोबा, तांदूळ खूप आहेत, आणू नका.” त्यांनी गूळ आणि डाळ आणली. रात्री वरण शिजून तयार होते आणि आजीने तांदळाचा डबा तिरका करून मला दाखवला, तर तळाशी जेमतेम मूठभर दाणे होते. वाण्याचे दुकान तोपर्यंत बंद झाले होते, त्यामुळे त्या रात्री आम्ही वरणात पोळी कुस्करून खाल्ली.

मी रडवेली झाले होते. जेवण झाल्यावर आजोबांनी मला जवळ बसवले, माझीच पाटी घेतली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : पर्यायोक्ती. मला तो शब्द नीट वाचताही येईना. मग त्यांनी मधे रेघ मारून त्याचे दोन भाग केले, पर्याय आणि उक्ती. “उक्ती म्हणजे बोलणं. जी गोष्ट सरळ सांगायला जीभ धजत नाही, ती दुसऱ्या शब्दांनी, आडवळणानं सांगायची, ती पर्यायोक्ती. तांदूळ संपले, असं तुझी आजी कधीच म्हणणार नाही. घरातलं अन्न संपलं, हे शब्द तिला तोंडातून काढवत नाहीत, म्हणून ती उलट शब्द वापरते.”

मी विचारले, “मग खरंच पुष्कळ असतील तर कसं कळायचं?”

“कोण कशाबद्दल बोलतंय, ते पाहायचं. मी पिशवी घेऊन निघालो होतो. तांदूळ भरपूर असते, तर मला निरोप कशाला दिला असता?”

मग त्यांनी एकेक उदाहरण दिले. काचेची बांगडी पिचली, तरी ती “वाढली” म्हणायचे, कारण पूर्वी नवरा वारला की बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडत आणि “बांगडी फुटली” या शब्दांना ती आठवण चिकटलेली होती. कुंकवाची डबी रिकामी झाली की कुंकू वाढले म्हणायचे, तेही त्याच कारणाने. देवापुढचा दिवा विझत नाही, तो शांत होतो. माणूस गेला की देवाज्ञा झाली म्हणतात.

तुझ्या नारळाचेही तसेच आहे. देवापुढे ठेवलेला नारळ हे मंगल फळ असते आणि फोडणे हा शब्द डोके फोडण्यासारख्या नासधुशीलाही लागतो, म्हणून पूजेत तो वाढवतात. पण हा शब्द सगळीकडे चालत नाही. त्याच आठवड्यात आजीने चटणीसाठी नारळ काढला, तेव्हा मी ऐटीत म्हणाले, “आजी, मी वाढवू?” ती म्हणाली, “अगं, चटणीचा नारळ फोडायचा आणि खवायचा. वाढवायचा तो देवापुढचा.” कपाचा कान तुटला तर कप वाढला, असेही कोणी म्हणत नाही. ज्या वस्तूचे जाणे मनाला लागते, तिच्याचपुरता हा शब्द आहे. शिवाय ताटात भात वाढतात, ते वाढणे निराळेच, तिथे काही लपवायचे नसते.

पुढे पावसाळ्यात मला खोकला झाला होता. तो बरा झाल्यावर मी आजोबांना मोठ्या अभिमानाने सांगितले, “आजोबा, माझा खोकला वाढला!” ते काढा करायला उठलेच. मग माझा चेहरा पाहून थांबले आणि म्हणाले, “नको असलेली गोष्ट गेली, तर ती गेली असंच म्हणायचं. तिथं पर्याय कशाला शोधायचा?”

रविवारी आजीचा फोन येईल, तेव्हा तिला सांग, “आजी, आम्ही नारळ वाढवला, पाणी मी प्यायले आणि खोबऱ्याचं वाटपही झालं.” मग पर्यायोक्ती हा शब्द तिला माहीत आहे का, तेही विचार.

तुझी आई