सूक्ष्म, लघु की मध्यम? वर्गीकरणाची गणितं नेमकी कुठे चुकतात

प्रश्न: उद्योजकता विषयाची परीक्षा आहे. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा एका पुस्तकात २५ लाख, दुसऱ्यात १ कोटी, तिसऱ्यात अडीच कोटी दिली आहे. कोणती लिहू? उदाहरण आलं की गुंतवणुकीत काय धरायचं तेही कळत नाही. आणि वर्ग बदलल्यावर योजनांमध्ये नक्की काय फरक पडतो?

उत्तर: तिन्ही पुस्तकं आपापल्या वेळी बरोबरच होती. २५ लाखांची मर्यादा २००६ च्या मूळ कायद्यातली. तेव्हा फक्त गुंतवणूक पाहत आणि उत्पादन व सेवा यांचे आकडे वेगळे होते. १ जुलै २०२० पासून हा भेद गेला आणि गुंतवणुकीच्या जोडीला उलाढाल आली. १ कोटी ही त्या टप्प्यातली मर्यादा. सध्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघुसाठी हेच आकडे २५ कोटी आणि १०० कोटी, मध्यमसाठी १२५ कोटी आणि ५०० कोटी. प्रश्नात वर्ष दिलं असेल तर त्या वर्षाची मर्यादा लावा, नसेल तर ही.

वरच्या वाक्यातला 'आणि' महत्त्वाचा. सूक्ष्म राहायला दोन्ही आकडे मर्यादेत हवेत, एक जरी ओलांडला तरी उद्योग वरच्या वर्गात जातो. खाली यायचं तर दोन्ही मर्यादेच्या आत यावे लागतात. म्हणजे गुंतवणूक २ कोटी आणि उलाढाल १२ कोटी असेल तर उत्तर लघु. 'गुंतवणुकीवरून सूक्ष्म, उलाढालीवरून लघु' असं दोन्हीकडे पाय ठेवणारं उत्तर लिहू नका.

आता गुंतवणुकीत काय धरायचं ते. कोल्हापूरच्या एका कल्पित फाउंड्रीचे आकडे घेऊ. जमीन १ कोटी २० लाख, शेड ९० लाख, फर्निचर ८ लाख, धूर शुद्ध करणारी प्रदूषण नियंत्रण यंत्रणा १५ लाख, आणि भट्टी, मोल्डिंगची यंत्रं वगैरे २ कोटी १० लाख. एकूण विक्री १३ कोटी, त्यातली ४ कोटींची निर्यात.

सगळ्याची बेरीज केली तर ४ कोटी ४३ लाख होतात आणि विद्यार्थी 'लघु' लिहून मोकळा होतो. पण जमीन, इमारत आणि फर्निचर गुंतवणुकीत येतच नाहीत. प्रदूषण नियंत्रण, संशोधन आणि औद्योगिक सुरक्षेची साधनंही वगळतात. उरली २ कोटी १० लाखांची यंत्रसामग्री. उलाढालीतून निर्यात वजा केली की राहतात ९ कोटी. दोन्ही आकडे आत, म्हणून ही फाउंड्री सूक्ष्म. पुढच्या वर्षी एकूण विक्री तितकीच राहून निर्यात २ कोटींवर घसरली, तर मोजायची उलाढाल ११ कोटी होते आणि फाउंड्री लघु ठरते. धंदा वाढलेला नसताना वर्ग वाढतो, म्हणूनच हा प्रश्न परीक्षकांना आवडत असावा.

यात आणखी दोन खाचा आहेत. यंत्रांची खरेदी किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत असे दोन्ही आकडे दिले असतील, तर चालू उद्योगासाठी दुसरा घ्यायचा, कारण हिशेब आयकर विवरणपत्रावरून होतो. अजून विवरणपत्रच भरलेलं नसलेल्या नव्या उद्योगासाठी मात्र स्वयंघोषणा चालते आणि बिलावरची किंमत जीएसटी सोडून धरतात. दुसरी खाच म्हणजे एकाच पॅनखालचे सगळे कारखाने मिळून एक उद्योग. एक युनिट शिरोलीत आणि दुसरं बेळगावात दाखवून दोन सूक्ष्म उद्योग होत नाहीत. जीएसटी क्रमांक वेगळे असले तरी आकडे एकत्रच मोजतात.

वर्ग बदलल्याचा परिणाम दोन दिशांना वेगळा होतो. वर गेलेल्या उद्योगाला करेतर लाभ त्या बदलापासून ३ वर्षं चालू राहतात. खाली आलेल्याला नव्या वर्गाचा फायदा पुढच्या १ एप्रिलपासून मिळतो.

योजनांची रेघ सूक्ष्म आणि लघु यांच्यात असते असं बऱ्याच जणांना वाटतं. मोठी रेघ लघु आणि मध्यम यांच्यात आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. मध्यमला इथे जागा नाही. उशिरा मिळणाऱ्या पैशांविरुद्धचं संरक्षणही सूक्ष्म-लघु पुरवठादारालाच आहे.

हे संरक्षण असं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर ठरल्याप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करारात ९० दिवस लिहिले तरी कायद्यापुढे ४५ च. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. गणितात बँक दर ६ टक्के दिला असेल तर वार्षिक १८, म्हणजे महिना दीड टक्का. ४ लाखांचं बिल मुदतीनंतर ३ महिने रखडलं, तर ४,००,००० ला १.०१५ ने तीनदा गुणा: ४,१८,२७१ रुपये. सरळव्याजाने १८,००० येतात आणि वरचे २७१ रुपये सुटले की गुणही सुटतात. रेपो दर वापरणं ही दुसरी नेहमीची चूक. तक्रार राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाते.

किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जासाठी. किराणा दुकानदार या व्याजावर हक्क सांगतोय असं उदाहरण आलं तर उत्तर 'नाही'.

शेवटी अनुदानाचं गणित, कारण योजनांपैकी त्यावरच आकडेमोड येते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख. सांगली जिल्ह्यातल्या गावात एका महिलेने २० लाखांचा हळद प्रक्रिया उद्योग काढला असं धरा. महिला विशेष गटात येतात, म्हणून स्वहिस्सा ५ टक्के, म्हणजे १ लाख. बँक १९ लाख मंजूर करते. ग्रामीण विशेष गटाचं अनुदान ३५ टक्के, म्हणजे ७ लाख. ते १९ लाखांवर काढू नका, पूर्ण प्रकल्प खर्चावर काढा. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला तिथेच १० टक्के स्वहिस्सा आणि २५ टक्के अनुदान. शहरात अनुदान १५ टक्के, विशेष गटाला २५.

हे ७ लाख हातात पडत नाहीत. बँक ते ३ वर्षं लाभार्थीच्या नावे मुदत ठेवीत ठेवते आणि मगच कर्जात वळते करते. या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. शिवाय योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. आधीच्या चालू गिरणीचा विस्तार दाखवलेला प्रश्न आला, तर नव्या उद्योगाचे हे टक्के लावूच नका. याच योजनेतून आधी उभ्या राहिलेल्या आणि चांगल्या चाललेल्या युनिटला दुसऱ्या कर्जाची वेगळी तरतूद आहे.