लाभांश दरवर्षी वाढतो, पण तो घरखर्चाला कधी पुरतो?

प्रश्न: माझे वय ५१ असून नाशिकमधील एका खासगी कारखान्यात नोकरी आहे. ५८ व्या वर्षी निवृत्त होईन. मुदत ठेवींत ४० लाख रुपये आहेत. भविष्य निर्वाह निधीचा पैसा आणि पत्नीचे निवृत्तिवेतन धरूनही घरखर्चाला आजच्या भावाने महिना २०,००० रुपये कमी पडतील. ठेवी मोडून सगळी रक्कम दरवर्षी लाभांश वाढवणाऱ्या पंधरा-वीस कंपन्यांत गुंतवावी, शेअर कधीच विकू नयेत आणि निवृत्तीनंतर लाभांशावरच भागवावे, असे मनात आहे. हे जमेल का? माझे उत्पन्न ३० टक्के कराच्या टप्प्यात येते.

उत्तर: आपल्या योजनेचे दोन भाग आहेत. कंपन्या निवडण्याची आपली कसोटी मला मान्य आहे. शेअर कधीच न विकता केवळ लाभांशावर भागवण्याचा संकल्प मात्र आपल्या वयाच्या आणि आपल्या रकमेच्या गणितात बसत नाही.

आपल्याकडे नियमाने लाभांश वाढवत नेणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या शेअरचा भाव त्यांच्या नफ्याच्या बऱ्याच पट असतो. त्यामुळे गुंतवलेल्या रकमेवर सुरुवातीला मिळणारा लाभांश साधारण एक ते दोन टक्केच भरतो. आपण दीड टक्का धरू. म्हणजे ४० लाखांवर पहिल्या वर्षी ६०,००० रुपये. हा लाभांश दरवर्षी १० टक्क्यांनी वाढला, शेअरचे भावही त्याच गतीने चढले आणि मिळालेला प्रत्येक रुपया कर भरून पुन्हा शेअरमध्येच घातला, असे उदारपणे मानले, तरी सात वर्षांनी वर्षाचा लाभांश सुमारे सव्वा लाख रुपये होतो. दरम्यान महागाई ६ टक्के धरली, तर आजचे २०,००० रुपये तेव्हा ३०,००० झालेले असतील. म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार लागतील. गरजेचा जेमतेम तिसरा हिस्सा लाभांशातून भागेल.

त्याच वेळी आपल्या शेअरची किंमत ८४ लाखांच्या आसपास गेलेली असेल, हेही लक्षात घ्यावे. कमी पडणारे २ लाख ३५ हजार हे त्या रकमेच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहेत. इतके शेअर दरवर्षी विकले तरी उरलेली गुंतवणूक वाढत राहू शकते. म्हणजे पैसा अपुरा नाही, तो लाभांशाच्या रूपाने आपल्या हाती येत नाही, एवढेच. लाभांश मिळाला की मुद्दल शाबूत राहिले असे वाटते, परंतु लाभांशासाठी ठरलेल्या तारखेला शेअरचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो. कंपनीच्या तिजोरीतून गेलेला पैसा भावातूनही जातो. म्हणून लाभांश घेणे आणि थोडे शेअर विकणे यांत आपण मानता तेवढे अंतर नाही.

यावर, मग सहा टक्के लाभांश देणाऱ्या कंपन्याच का घेऊ नयेत, असे आपल्या मनात येईल. दीड टक्क्यावरून दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणारा लाभांश मूळ गुंतवणुकीच्या सहा टक्क्यांवर पोहोचायला साधारण पंधरा वर्षे लागतात. सहा टक्के देणाऱ्या कंपनीने आपला लाभांश कधीच वाढवला नाही असे धरले, तरी दोन्हींतून हाती आलेली एकूण रक्कम बरोबरीला यायला पंचवीस वर्षे उलटून जातात. वाढत्या लाभांशाचे फळ इतके उशिरा मिळते. पस्तिशीतल्या माणसाला ते परवडते, आपल्याला निम्म्याहून कमी वेळ आहे.

तरीही मोठ्या टक्केवारीमागे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ती टक्केवारी पुष्कळदा टिकणारी नसते. कोल इंडियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१५-१६ मध्ये या कंपनीने शेअरमागे २७ रुपये ४० पैसे लाभांश दिला आणि तेव्हाच्या भावाने तो नऊ टक्क्यांच्या घरात जात होता. पुढच्या वर्षी तो १९.९० झाला, मग १६.५०, मग १३.१० आणि २०१९-२० मध्ये अवघा १२ रुपये. चार वर्षांत उत्पन्न निम्म्याहूनही कमी झाले. याची खूण २०१५-१६ च्या हिशेबातच दिसत होती: त्या वर्षी शेअरमागे नफा सुमारे साडेबावीस रुपये होता, म्हणजे कमावलेल्यापेक्षा जास्त पैसा साठलेल्या रोकडीतून वाटला गेला होता. शिवाय २०१८-१९ मध्ये नफा जोरात सुधारला, तरी लाभांश वाढला नाही. सरकारी कंपनीचा लाभांश मोठा भागधारक असलेल्या सरकारची गरज, खाणींवरचा भांडवली खर्च आणि शिल्लक रोकड यांवर ठरतो. तो दरवर्षी वाढवण्याचे वचन त्यात नसते. नंतर हाच लाभांश पुन्हा चढला आणि २०२४-२५ मध्ये २६.५० रुपये झाला, म्हणजे नऊ वर्षांनीही जुन्या पातळीच्या किंचित खाली. या काळात ज्याचे घर त्या लाभांशावर चालत असेल, त्याने काय केले असेल, याचा विचार करावा.

आपण ज्या कंपन्या शोधत आहात त्यांची पारख यावरूनच ठरते. मागच्या दहा वर्षांचा लाभांश पाहताना त्याशेजारी शेअरमागचा नफा लिहावा. नफ्याच्या किती टक्के वाटले गेले, हे प्रमाण ३० वरून ४०, ५०, ७० असे चढत गेले असेल, तर लाभांशाची वाढ धंद्यातून येत नसून वाटपाच्या प्रमाणातून येत आहे आणि ती लवकरच थांबणार आहे. नफा आणि लाभांश बरोबरीने वाढत असतील, तरच ती वाढ खरी. नफ्याइतकीच धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकडही तपासावी, कारण कागदावरच्या नफ्यातून लाभांश देता येत नाही, त्यासाठी कर्ज काढावे लागते. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना लाभांश वाटपाचे धोरण जाहीर करणे सेबीने बंधनकारक केले आहे. ते वार्षिक अहवालात किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते आणि पुष्कळदा त्यात नफ्याच्या किती टक्क्यांपर्यंत वाटप करायचे हेही लिहिलेले असते.

आकडे वाचताना एक चूक हमखास होते. आयटीसीने २०२२-२३ मध्ये एकूण १५.५० रुपये दिले आणि पुढच्या वर्षी १३.७५, म्हणून एखादी तयार यादी तिला लाभांश घटवणारी कंपनी ठरवील. प्रत्यक्षात पहिल्या आकड्यात २.७५ रुपये विशेष, म्हणजे एकदाच दिलेला लाभांश होता. तो वगळला तर १२.७५ वरून १३.७५ अशी वाढच दिसते. बोनस शेअर किंवा शेअरचे विभाजन झाले असेल, तर जुने आकडेही त्या प्रमाणात कमी करून घ्यावे लागतात.

सगळ्या कसोट्यांवर उतरलेली कंपनीही चुकीच्या भावाने घेतली तर वर्षे वाया जातात. हिंदुस्तान युनिलिव्हरने विशेष लाभांश वगळता २०२०-२१ मध्ये ३१ रुपये आणि २०२४-२५ मध्ये ४३ रुपये दिले, म्हणजे लाभांश वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त गतीने वाढला. मात्र २०२० च्या अखेरीस २,४०० रुपयांच्या आसपास असलेला तिचा शेअर २०२४ च्या अखेरीसही जवळपास तिथेच होता. २०२० मध्ये तो नफ्याच्या सत्तर पटीच्या आसपास विकला जात होता. धंदा वाढला, लाभांश वाढला आणि ती पट उतरल्याने भाव जागेवर राहिला. या पद्धतीने चाळलेल्या कंपन्या आपल्याकडे मुख्यतः रोजच्या वापराच्या वस्तू आणि माहिती तंत्रज्ञान या दोन क्षेत्रांत दाटीने सापडतात. त्यामुळे यादीत वीस नावे असली तरी जोखीम दोन-तीन धंद्यांचीच राहते.

कराचे गणित निवृत्तीपूर्वी आपल्या विरुद्ध आणि नंतर बरेचसे आपल्या बाजूने आहे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र झाला आहे. आज ६०,००० रुपये लाभांश मिळाला, तर उपकरासह सुमारे १८,७०० रुपये करात जातील, आणि तो पैसा आपल्याला अजून सात वर्षे लागणारही नाही. शेअर विकून तेवढीच रक्कम उभी केली, तर कर फक्त त्यातल्या नफ्यावर लागतो. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरवरचा सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक नफा करमुक्त असून त्यापुढे १२.५ टक्के दर आहे. निवृत्तीनंतर आपले उत्पन्न नव्या करप्रणालीतील १२ लाखांच्या आत राहिले, तर सध्याच्या नियमांनुसार लाभांशावर कर येणार नाही. एखाद्या कंपनीने वर्षात १०,००० रुपयांहून जास्त दिल्यास कापलेला १० टक्के कर विवरणपत्र भरून परत मिळेल.

म्हणून माझा सल्ला असा. २० लाख रुपये ठेवींतच राहू द्यावेत आणि उरलेले २० लाख वर्ष-दीड वर्षात हप्त्याहप्त्याने शेअरमध्ये न्यावेत. एका कंपनीत दीड लाखाहून जास्त आणि एका क्षेत्रात पाच लाखांहून जास्त जाऊ देऊ नये. करानंतर पाच टक्के धरले, तर ठेवींचे सात वर्षांनी २८ लाख होतील. शेअरवरचा लाभांश तेव्हा ६३,००० च्या आसपास असेल. उरलेले तीन लाख दरवर्षी ठेवींतून काढले आणि व्याज महागाईत गेले असे धरले, तरी नऊ वर्षे शेअरला हात लावावा लागणार नाही. ही नऊ वर्षे मी मुद्दाम राखली आहेत. २००८ मध्ये सेन्सेक्स एका वर्षात निम्म्याहून खाली आला होता. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी तसे घडले आणि घरखर्चासाठी शेअर विकावे लागले, तर ते नुकसान भरून निघत नाही. साठी पूर्ण झाल्यावर ठेवींचा मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवता येईल. तिची मर्यादा ३० लाख आहे.

ठेवी संपत आल्यावर, वयाच्या सदुसष्टीच्या सुमारास, दरवर्षी थोडे शेअर विकावे लागतील. ते मन आजच तयार करावे आणि पत्नीलाही ही योजना समजावून द्यावी. तोवर वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आल्यावर, प्रत्येक कंपनीचा नफा आणि लाभांश वहीत शेजारी-शेजारी मांडावा. एखाद्या वर्षी लाभांश वाढला नाही म्हणून विकण्याची घाई करू नये, पण नफा दोन वर्षे घटत असताना लाभांश वाढवला जात असेल, तर लाभांश कापला जाण्याची वाट न पाहता त्या कंपनीतून बाहेर पडावे.