दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा

"अगं, शेवटी दिला राजीनामा. दुसरी नोकरी हातात नाही, शोधलीही नाही. साडेअकरा वर्षं झाली तिथे, पण गेलं वर्षभर रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा. शेवटचा दिवस २८ तारीख. ह्यांचे ४५ हजार येतात, घराचा हप्ता ३१ हजार, आई आमच्याकडेच असते, तिला डायबेटीस आहे आणि ती माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. एफडी ४ लाख २० हजार, खात्यात १ लाख १० हजार. ग्रॅच्युइटी आली की कर्जात भरून टाकू का? पीएफ काढू का? सासूबाई म्हणतात, घाई केलीस. तू पैशाच्या बाजूने बघून सांग."

सगळ्यात आधी, मनापासून अभिनंदन. तुझा पगार, घरखर्च आणि शिल्लक मला गेली काही वर्षं माहीत आहे, म्हणून हे मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. आकडे मांडून पाहिले आणि तुझा निर्णय त्यांत बसतो. सासूबाईंची काळजी समजते; त्यांनाही हे वाचून दाखव.

तू पाठवलेल्या खर्चाच्या यादीत मी दोन बदल केले. हप्ता ३१ हजार, घरखर्च ३४, शाळा आणि क्लास ९, आईची औषधं ४, बाकीचं किरकोळ ८. असे ८६ हजार होतात. एसआयपीचे १५ हजार मी यात धरलेले नाहीत, त्यावर पुढे येते. नोकरीमुळे होणारा खर्च आता थांबेल: रोजचं पेट्रोल, कँटीन, उशीर झाला की बाहेरून मागवलेलं जेवण. त्याचे ६ हजार मी वजा केले. उलट, कंपनीचा मेडिक्लेम गेल्यावर स्वतःचा घ्यावा लागेल आणि तुझा टर्म इन्शुरन्स चालू ठेवायचा आहे. त्या दोन्हींचे वर्षाचे पैसे महिन्यावर वाटून ७ हजार वाढवले. म्हणजे ८७ हजार. त्यातून ह्यांचे ४५ हजार गेले की दर महिन्याला शिल्लकीतून काढावे लागतील ते ४२ हजार. पुढचं सगळं या एका आकड्यावर चालेल, तेव्हा तो लक्षात ठेव.

आता दुसरी बाजू. तुझी बेसिक ५२ हजार आहे. ग्रॅच्युइटीत पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो आणि तो काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष मोजलं जातं. तुझी ११ वर्षं ७ महिने झाली, म्हणजे १२ वर्षं. ५२ हजार गुणिले १५ गुणिले १२ भागिले २६, बरोबर ३ लाख ६० हजार. त्यावर तुला कर नाही. साठलेल्या रजेचे अंदाजे ५२ हजार येतील. एफडी आणि खात्यातले ५ लाख ३० हजार धरून एकूण ९ लाख ४२ हजार. त्यातले २ लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीसाठी बाजूला काढ, ते या हिशोबात मोजायचेच नाहीत. उरतात ७ लाख ४२ हजार. त्याला ४२ हजारांनी भागलं की साडेसतरा महिने. म्युच्युअल फंडाला आणि पीएफला हात न लावता जवळजवळ दीड वर्ष. नवीन नोकरी शोधायला दीड वर्ष लागलं तरी घराचा हप्ता चुकणार नाही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. हा सगळा हिशोब ह्यांच्या ४५ हजारांवर उभा आहे. तेही थांबले तर बाजूला काढलेले दोन लाख धरूनही हे पैसे पावणेअकरा महिनेच पुरतील. म्हणून पुढचं वर्षभर ह्यांनी नोकरीत कुठलाही धाडसी बदल करू नये, हे दोघांनी आत्ताच बोलून घ्या.

आता ग्रॅच्युइटी कर्जात भरायची का? नको. तुझा विचार मला कळतो. डोक्यावरचं ओझं हलकं करावंसं वाटणारच. पण हिशोब करून बघ. तुझं सुमारे २४ लाख कर्ज उरलंय. त्यात ३ लाख ६० हजार भरलेस तर कर्ज १५ टक्क्यांनी कमी होईल, आणि मुदत तीच ठेवली तर हप्ताही १५ टक्क्यांनी, म्हणजे साधारण ४,६५० रुपयांनी कमी होईल. महिन्याची तूट ४२ हजारांवरून ३७ हजारांच्या जरा वर येईल. पण हातातले पैसे ७ लाख ४२ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर येतील. साडेसतरा महिन्यांचे दहा महिने झाले. शिवाय जादा पैसे भरल्यावर बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. हप्ता कमी करायचा असेल तर तसं लेखी मागावं लागतं. ते राहून गेलं तर दहाचे नऊ महिने होतील आणि दर महिन्याला तुझ्या हातात एक रुपयाही जास्त उरणार नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण अशी, की गृहकर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. ते बाहेर काढायचे तर टॉप-अप कर्ज घ्यावं लागतं आणि त्यासाठी बँक पगाराची स्लिप मागते, जी तुझ्याकडे नसेल. तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारचं असतं, म्हणजे भरलेले जादा पैसे हवे तेव्हा काढता आले असते, तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमचं साधं आहे. नवीन पगार सुरू होऊन सहा महिने झाले की उरलेली रक्कम खुशाल कर्जात भर.

मला खरी घाई वाटते ती एकाच गोष्टीची, आईच्या मेडिक्लेमची. कंपनीचं विमाकवच साधारण नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. काही कंपन्यांत महिनाअखेरपर्यंत चालतं, तेही विचारून घे. त्यानंतर आईसाठी बाजारातून अगदी नवी पॉलिसी घेतलीस तर पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याही आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी, म्हणजे डायबेटीस आणि त्यातून होणाऱ्या त्रासांसाठी, जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आईच्या वयाला ती ३ वर्षंच महत्त्वाची आहेत.

यावर मार्ग आहे आणि एचआरमध्ये तो आपणहून कुणी सांगत नाही. ग्रुप मेडिक्लेममधल्या माणसाला, त्याच्या घरच्यांनाही, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. याला मायग्रेशन म्हणतात. यात ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. समजा कंपनीत ३ लाखांचं कवच होतं आणि तू आता ५ लाखांचं मागितलंस, तर वरच्या २ लाखांसाठी प्रतीक्षा पहिल्यापासून मोजली जाईल. विमा कंपनी आईचे रिपोर्ट मागेल, हप्ता वाढवून सांगेल, कदाचित नाहीही म्हणेल. म्हणून हा अर्ज २८ तारखेच्या आधी, लेखी, ई-मेलनेच जायला हवा, म्हणजे नकार आला तरी दुसरीकडे बघायला कवच चालू असलेले दिवस हातात राहतील. फॉर्ममध्ये डायबेटीस कधीपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळं खरं लिही. हप्ता कमी व्हावा म्हणून लपवलेला आजार क्लेमच्या वेळी हमखास बाहेर येतो. हप्त्यासाठी मी वर्षाला तुम्हा तिघांचे आणि आईचे मिळून ६० हजार धरलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे सांगतील तोच आकडा भरायचा.

पीएफ काढू नकोस. गरज नाही हे तर आहेच, पण तुझ्या सगळ्या पैशांत म्हातारपणासाठी नीट साठलेला असा तेवढाच आहे. नोकरी सुटली म्हणून व्याज थांबत नाही. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. फक्त नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, ते रिटर्न भरताना दाखवायचं. तुझं काम एवढंच, की कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे ना ते बघायचं. ती टाकलेली नसली की पुढच्या नोकरीत पीएफ ट्रान्सफर अडकतो. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटले तरी तारीख दिसली नाही, तर ती तुझी तू पोर्टलवर टाकू शकतेस.

एसआयपी आजच रद्द कर, पण आधीचे युनिट विकू नकोस. खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता बाउन्स झाला की बँक दर वेळी दंड लावते; स्वतःहून रद्द केलीस तर काही लागत नाही. सॅलरी अकाउंटही काही महिने पगार न आल्यावर साधं बचत खातं होतं आणि अनेक बँकांत मग किमान शिल्लक ठेवावी लागते. घराचा हप्ता त्याच खात्यातून जातो ना? मग एफडी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे वेगळ्या बँकेत ठेव आणि तिथून दर एक तारखेला ४२ हजार या खात्यात येतील अशी सूचना देऊन ठेव. घराला ठरलेल्या दिवशी पैसे मिळत राहिले की रोज शिल्लक तपासत बसावं लागत नाही. कंपनीकडून सगळा हिशोब हातात यायला महिना-दीड महिना लागेल असं धरून चाल. तोपर्यंत खात्यातले १ लाख १० हजार पुरतात, एफडी मोडू नकोस.

काम कधी शोधायचं, हे तू विचारलं नाहीस, पण त्याचाही आकडा देते. पहिले दोन महिने काहीच करू नकोस. झोप, डॉक्टरांकडे राहिलेल्या तपासण्या, लेकीबरोबर दुपारचं जेवण. त्याची किंमत ८४ हजार आहे आणि ती तुला परवडते. त्यानंतर मनासारखं काम शोध. बाजूला काढलेले दोन लाख सोडून शिल्लक २ लाख ५२ हजारांवर, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चावर आली, की मग मिळेल ते बरं काम घ्यायचं. आजच्या हिशोबाने ती वेळ साडेअकरा महिन्यांनी येते. मधे एखाद्या छोट्या कामाचे महिन्याला १५ हजार जरी सुरू झाले, तरी तूट २७ हजारांवर येते आणि तेच पैसे सव्वादोन वर्षांच्या वर पुरतात.

२८ तारखेच्या आत पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ स्वतःच्या ई-मेलवर घे. बँक, पीएफ, विमा यांपैकी कुठे ऑफिसचा ई-मेल दिलेला असेल तर तो बदल. आणि उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे मायग्रेशनचा ई-मेल. विमा कंपनीने हप्त्याचा आकडा कळवला की मला पाठव. तो ६० हजारांपेक्षा बराच जास्त असेल तर ४२ हजारांचा हिशोब आपण दोघी बसून पुन्हा मांडू.