काट्यावरचा ९ बघून घाबरू नकोस

अरे, तुझ्या वजनकाट्याने व्हिसरल फॅट, म्हणजे पोटाच्या आतली चरबी, म्हणून दाखवलेला तो ९ काही खरंच मोजलेला नाहीये. तुझ्या काट्यात करंट एका पायातून वर जातो न दुसऱ्यातून खाली येतो, पोटातून जवळजवळ जातच नाही, मग वय, उंची, वजन टाकून अंदाज काढतात. मी कोथरूडला घरी एकदा प्रोफाइलमध्ये वय ३४ चं ५४ केलं, लगेच आकडा वाढला, पोट तेच! सीटी किंवा एमआरआयमध्ये बेंबीच्या लेव्हलचा काप घेऊन आतड्यांभोवतीची चरबी चौरस सेंटिमीटरमध्ये खरंच मोजतात, १०० च्या वर गेली की सहसा जास्त धरतात. पण त्यासाठी उगाच सीटी काढू नकोस, रेडिएशन असतं. टेप घे, पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, आणि काटा सडपातळ माणसाला ५ दाखवत असला तरी टेप लावच.