कंपोस्टच्या आधी तराजू

प्रश्न: हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाश्वततेच्या पेपरात अन्नकचरा कमी करणे, वर्गीकरण आणि कंपोस्ट यांवर १० गुणांचा प्रश्न येतो. उत्तरात कंपोस्टवर किती भर द्यावा?

एक तृतीयांशाहून अधिक नको. कंपोस्ट हा शेवटचा टप्पा आहे; अन्न वाया जाऊ नये, आणि उरलेच तर माणसांच्या किंवा जनावरांच्या पोटात जावे, हे त्याआधीचे.

सोलापुरातील ज्या भोजनालयात मी भटारखाना सांभाळत होतो, तेथील व्यवस्थापकांनी मागच्या अंगणात कंपोस्टचे ड्रम ठेवले, पण कचऱ्यासाठी मात्र एकच पिंप. त्यात साली-देठे, पातेल्यातला भात, रस्सा, उष्टे आणि पेपर नॅपकिन असे सगळे एकत्र पडे. लवकरच ड्रम आंबूस वासाने आणि अळ्यांनी भरले, आणि दोष सोलापूरच्या उन्हावर गेला. दोष पाण्याचा होता. मिश्रण मुठीत दाबले की पाणी निथळत होते, म्हणजे आत हवा नव्हती. एखाद-दुसरा थेंब येईल इतकाच ओलावा हवा. उष्टे वगळले, रस्सा गाळून काढला, कडब्याची कुट्टी ओल्या कचऱ्याच्या सुमारे दुप्पट आकारमानाने मिसळली आणि तीन-चार दिवसांनी ढीग उलटवत राहिलो, तेव्हा वास गेला. आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर हाताला चटका बसावा. ढिगाचे पोट ५५ ते ६० अंशांपर्यंत तापले की काम सुरू आहे असे समजावे. उन्हाळ्यात उलट धोका असतो: ढीग कोरडा पडतो, वास येत नाही आणि लोकांना खत तयार झाले असे वाटते.

खरा वाद मात्र निराळा होता. व्यवस्थापकांचे म्हणणे, गिऱ्हाईकच ताटात टाकते. मी तीन पिंपे वेगळी करून तोलली: एका दिवशी साली-देठे १४ किलो, पातेल्यातले १८ आणि उष्टे ८. पातेल्यातला बहुतेक भागच भात होता, कारण रात्रीचा सगळा भात एकाच वेळी शिजत असे. दुसरा घाणा साडेआठनंतर, गर्दी पाहून लावला, तेव्हा ते १८ किलो ७ वर आले. वाचलेला ११ किलो भात म्हणजे सुमारे चार किलो तांदूळ, तोही रोजचा. ड्रमने यातला एक दाणाही वाचवला नसता, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. तुम्ही तरी उत्तरात हे कोष्टक मांडा.

परीक्षक पाठ्यपुस्तकातील शीर्षके मागत असतील तर तीही द्यावीत. तेलकट, खारट उष्ट्यासाठी बायोगॅस अधिक सोयीचा, हेही लिहा. दान करायचे तर पातेल्यातले, न वाढलेले आणि ६० अंशांवर गरम ठेवलेले अन्नच द्यावे. उष्टे कधीच नाही.